विसार कोणी दिला, विसार कोणी घेतला?

मागच्या आठवड्यात वर्किंग कॅपिटलवरचा व्हिडिओ टाकला, त्याखाली धायरीतल्या एका स्टेशनरी दुकानदार मित्राचा प्रश्न आला. प्रश्न असा: "सर, माझ्याकडे चार लाख रुपये जूनपर्यंत मोकळे आहेत. फ्युचर फार रिस्की असतं म्हणतात, म्हणून ऑप्शन करायचा विचार आहे. त्यात ऑप्शन विकायचे. कारण बरेचसे ऑप्शन शेवटी झिरो होतात. दर आठवड्याला आठ-दहा हजार सुटले तरी दुकानाचं भाडं निघेल."

मी त्याला फोन केला आणि पाऊण तास बोललो. ते बोलणं इथे सविस्तर लिहितोय, कारण असाच प्रश्न मला महिन्यातून चार-पाच वेळा येतो आणि त्यात एक चूक कायम असते. लोक फ्युचर एका बाजूला ठेवतात, ऑप्शन दुसऱ्या बाजूला ठेवतात आणि म्हणतात की फ्युचर धोक्याचं, ऑप्शनमध्ये तोटा ठरलेला. माझं म्हणणं असं की रेघ तिथे नाहीच. रेघ ऑप्शनच्या मधोमध आहे. पैसे देऊन ऑप्शन घेणारा एका बाजूला. ऑप्शन विकून पैसे घेणारा दुसऱ्या बाजूला, आणि तो फ्युचरवाल्याच्या शेजारी उभा असतो.

आधी शेअर बाजार बाजूला ठेवू आणि गाळ्याचं उदाहरण घेऊ. समजा तुम्हाला धायरी फाट्याला एक गाळा आवडला. भाव साठ लाख. तुम्ही मालकाशी असा करार केला की मी आज पन्नास हजार देतो, आणि तीन महिन्यांत मला वाटलं तर साठ लाखालाच हा गाळा मी घेईन. नाही वाटलं तर पन्नास हजार तुमचे. व्यवहारात विसाराच्या पावत्यांमध्ये बाकीच्या अटी असतात, पण आपण एवढीच अट धरू. तीन महिन्यांत तिथला भाव पंचाहत्तर लाख झाला तरी मालकाला साठलाच द्यायचाय. भाव पन्नास लाख झाला तर तुम्ही पन्नास हजार सोडून मोकळे. हा झाला कॉल ऑप्शन. विसार देणारे तुम्ही खरेदीदार, विसार घेणारा मालक विक्रेता. विसाराला बाजारात प्रीमियम म्हणतात.

फ्युचर म्हणजे काय? विसार वगैरे काही नाही. तीन महिन्यांनी साठ लाखाला तुम्ही घ्यायचाच आणि मालकाने द्यायचाच. भाव पन्नास लाखावर आला तरी तुमची सुटका नाही. दोघंही बांधलेले.

आता यातली खरी गंमत बघा. विसार घेणाऱ्या मालकाकडे निदान गाळा तरी आहे. भाव पंचाहत्तर लाख झाला तर त्याचा फायदा हुकेल, हळहळेल, पण खिशातून काही जाणार नाही. पण समजा तुमच्याकडून पन्नास हजार एका एजंटाने घेतले, आणि त्याच्याकडे गाळाच नाही! भाव वाढला की त्याला बाजारातून पंचाहत्तरला घेऊन तुम्हाला साठला द्यावा लागेल. पंधरा लाख खिशातून. भाव नव्वद झाला तर तीस लाख. मिळालेत किती, तर पन्नास हजार. आपल्यातले बहुतेक जण ऑप्शन विकतात तेव्हा ते या एजंटाच्या खुर्चीवर बसलेले असतात. हातात गाळा नाही, फक्त विसाराची रक्कम आलेली दिसते.

"पण सर, शंभरातल्या बऱ्याच वेळा भाव तेवढा वाढतच नाही ना?" मित्राने लगेच विचारलं. बरोबर आहे, नाहीच वाढत. म्हणून तर हा धंदा गोड लागतो. त्याच्यासाठी मी एक दिवस निवडला, ४ जून २०२४. लोकसभा निवडणुकीचा निकाल. तारीख मुद्दाम निवडली, कारण स्टेशनरीवाल्याला जूनचा पहिला आठवडा म्हणजे काय हे सांगायला लागत नाही.

१ जूनला संध्याकाळी एक्झिट पोल आले. सोमवारी ३ जूनला बाजार जोरात चढला आणि निफ्टी २३,२६३.९० वर बंद झाला. मंगळवारी निकाल वेगळेच दिसायला लागले. दिवसभरात निफ्टी २१,२८१.४५ पर्यंत खाली गेला आणि बंद झाला २१,८८४.५० वर. म्हणजे एका दिवसात १,३७९.४० अंक, जवळजवळ सहा टक्के. आणि लक्षात ठेवा, त्या आठवड्याची एक्स्पायरी गुरुवारी ६ जूनला होती. त्या दिवशी निफ्टी बंद झाला २२,८२१.४० वर. हे चार आकडे एका कागदावर लिहून घ्या, पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे.

त्या वेळी निफ्टीचा लॉट २५ चा होता. ऑप्शनचे भाव आणि मार्जिन मी हिशोबाला सोपे पडतील असे धरतोय, निफ्टीचे आकडे मात्र खरे आहेत. सोमवारी संध्याकाळी तीन माणसं बाजारात उतरली असं समजा. तिघांचंही मत एकच: बाजार वर जाईल, निदान फार खाली तरी जाणार नाही.

पहिल्याने एक लॉट फ्युचर घेतलं. फ्युचरचा भाव निफ्टीएवढाच धरू. २३,२६४ गुणिले २५, म्हणजे सुमारे ५ लाख ८२ हजारांचा सौदा. त्याच्या खात्यातून मार्जिन अडकलं समजा सत्तर हजार. म्हणजे स्वतःच्या पैशाच्या आठपट मालावर तो बसलाय. यालाच लीव्हरेज म्हणतात. माल एक टक्का हलला की त्याचे सत्तर हजार आठ टक्क्यांनी हलतात. मंगळवारी संध्याकाळी त्याच्या खात्यातून १,३७९.४० गुणिले २५, म्हणजे ३४,४८५ रुपये वजा झाले. इथे बऱ्याच नवीन लोकांचा गैरसमज असतो की विकलं नाही म्हणजे तोटा झाला नाही. शेअरमध्ये ते चालतं. फ्युचरमध्ये रोजचा तोटा रोज रोख वळता होतो. मार्जिनचे निम्मे पैसे एका दिवसात गेले, आणि सौदा चालू ठेवायचा तर तेवढे परत भरा.

दुसऱ्याने २३,३०० चा कॉल विकत घेतला, समजा ३०० रुपयांना. ३०० गुणिले २५, साडेसात हजार रुपये. मंगळवारी निफ्टी १,३७९ च्या जागी ३,००० अंक पडला असता तरी त्याचे साडेसात हजारच गेले असते. ब्रोकरचा फोन नाही, मार्जिनचा मेसेज नाही. तोटा ठरलेला म्हणतात तो हा. पण त्याची दुसरी बाजू बघा. त्याला नुसता बाजार वर जाऊन चालणार नव्हता. गुरुवारपर्यंत निफ्टी २३,६०० च्या वर गेला तरच त्याचे पैसे वसूल. तीन दिवसांत आणखी ३३६ अंक. तेवढं न झाल्यास बाजार थोडा वर गेला तरी त्याला नुकसानच. फ्युचरवाल्याला थांबायला वेळ असतो, निदान पैसे असतील तोवर. ऑप्शन घेणाऱ्याचा वेळ दह्यासारखा असतो, रोज थोडं आंबट होत जातं.

तिसरा आपला धायरीचा मित्र. म्हणजे तो नव्हता त्यात, पण त्याचे चार लाख त्याच्या जागी धरू. त्याने २२,५०० चा पुट विकला, ८० रुपयांना. पुट विकणं म्हणजे समोरच्याला असं सांगणं की निफ्टी कितीही पडू दे, तुझ्याकडून मी २२,५०० च्या भावाने घेईन. निफ्टी सोमवारी २३,२६४ वर होता, म्हणजे ७६४ अंकांची उशी. तीन दिवसांत एवढा कुठे पडतो? प्रत्येक लॉटला सत्तर हजार मार्जिन धरलं, तर चार लाखांत पाच लॉट आरामात बसतात, वर पन्नास हजार शिल्लक राहतात. पाच लॉट म्हणजे १२५ चा आकडा. ८० गुणिले १२५, दहा हजार रुपये. एका आठवड्यात दहा हजार. भाडं निघालं.

मंगळवारी दुपारच्या सुमारास निफ्टी २१,२८१ वर. त्याने २२,५०० ला घेण्याची हमी दिली आहे. फरक १,२१८.५५ अंक. गुणिले १२५, म्हणजे १ लाख ५२ हजार. मिळालेले दहा हजार वजा केले तरी १ लाख ४२ हजारांचा खड्डा. हा कमीत कमी आकडा आहे, कारण भीतीच्या वेळी ऑप्शन निव्वळ फरकापेक्षाही महाग विकला जातो. इंडिया व्हीआयएक्स म्हणजे बाजाराच्या भीतीचा मापक, तो त्या दिवशी ३० च्या वर गेला होता. आणि भीती वाढली की मार्जिनही वाढतं. म्हणजे दोन्हीकडून मार: खात्यातले पैसे कमी होतायत आणि त्याच वेळी लागणारे पैसे जास्त होतायत. सकाळी साडेतीन लाख अडकलेले होते, आता त्याहून जास्त लागणार, आणि खात्यात खरी शिल्लक उरलीय अडीच लाखांच्या आसपास. अशा वेळी ब्रोकर तुमचा सौदा त्याच्या अधिकारात कापतो. त्यात ब्रोकरची चूक नाही. तुम्ही बुडालात तर तो बुडतो, म्हणून तो आधी कापतो.

आता गुरुवारचा आकडा बघा. २२,८२१.४०. तो २२,५०० च्या वर आहे! म्हणजे ज्या पुटने दुपारी दीड लाखाचा खड्डा पाडला, तो दोन दिवसांनी शून्य झाला. आपल्या मित्राचं मत शंभर टक्के बरोबर निघालं. त्याने फक्त थांबायचं होतं. पण थांबायला खिशात पैसे लागतात, आणि ते नेमके त्याच दुपारी नव्हते. मला हे उदाहरण म्हणूनच आवडतं. बाजार चुकला म्हणून माणसं बुडतात असं आपल्याला वाटतं. विक्रेता बरोबर असूनही बुडू शकतो.

उलट पुट विकत घेणाऱ्याचंही ऐका. ज्याने तो ८० रुपयांना घेतला आणि मंगळवारी दुपारी विकला, त्याने पंधरापट कमावले. ज्याने "अजून पडेल" म्हणून गुरुवारपर्यंत ठेवला, त्याचे ८० च्या ८० गेले. तोटा मात्र ८० च, त्याच्या वर एक रुपया नाही.

"मग स्टॉप लॉस लावायचा ना सर." हा पुढचा प्रश्न असतोच. इथे मला माझीच गोष्ट सांगावी लागते. रविवार पेठेत माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे हे तुम्हाला माहीतच आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत मीही हेच करत होतो, गुपचूप, दुकानाच्या पैशातून. बॉक्सवाल्याला द्यायचे पैसे दहा दिवस खात्यात पडून असायचे, म्हटलं तेवढ्यात काहीतरी सुटेल. २३ फेब्रुवारीला निफ्टी १७,०६३ वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी महिन्याची एक्स्पायरी. मी १६,७०० चे पुट विकले होते, ४० रुपयांना, दोन लॉट. तेव्हा लॉट ५० चा होता, म्हणजे चार हजार रुपये मिळाले. ८० ला स्टॉप लॉस, ८५ ची लिमिट. रात्रीच ऑर्डर टाकून ठेवली आणि शांत झोपलो.

सकाळी रशियाने युक्रेनवर हल्ला केल्याची बातमी. निफ्टी उघडला तोच १६,५४८.९० वर, आदल्या दिवसापेक्षा पाचशे अंक खाली. माझा पुट ८० ला थांबलाच नाही, तो थेट १७० च्या पुढे उघडला. ८० चा ट्रिगर लागला, ऑर्डर बाजारात गेली, पण ८५ च्या वर घेऊ नको असं मीच तिला सांगितलेलं. त्यामुळे ती तशीच लटकत राहिली. स्क्रीनवर पेंडिंग दिसतंय आणि भाव पळतोय. शेवटी हाताने १९० ला घेऊन बाहेर पडलो. १५० गुणिले १००, पंधरा हजार. दुपारपर्यंत निफ्टी आणखी पडला, दिवसअखेर ८१५ अंक. पंधरा हजारांनी मी रस्त्यावर आलो नाही. पण बॉक्सवाल्याला मी त्या महिन्यात पहिल्यांदा "पुढच्या सोमवारी देतो" म्हटलं, आणि त्याने पुढच्या वेळेपासून माझी उधारी तीस दिवसांची पंधरा दिवस केली. तो तोटा पंधरा हजारांत बसत नाही.

स्टॉप लॉस ही विनंती असते. बाजार चालू असेल आणि त्या भावाला समोर कोणी असेल तरच ती पुरी होते. ऑप्शन खरेदीदाराने भरलेला प्रीमियम मात्र करारच असतो. त्याचा तोटा बाजार बंद असताना, रात्री दोन वाजता, इंटरनेट गेलेलं असतानाही तेवढाच राहतो. या दोन गोष्टींना "लिमिटेड लॉस" हा एकच शब्द वापरला जातो, त्यामुळे घोळ होतो.

फ्युचरमध्येही तेच. तिथे तर मुंबईच्या एमसीएक्सवर एप्रिल २०२० मध्ये असं झालं की आजही सांगितलं तर लोकांना पटत नाही. लॉकडाऊनमुळे एमसीएक्स तेव्हा संध्याकाळी पाचला बंद व्हायचं. २० एप्रिलला कच्च्या तेलाच्या एप्रिल फ्युचरचा शेवटचा दिवस होता. पाचला भाव होता बॅरलला ९६५ रुपये. अनेकांनी विचार केला, तेल आहे, पडून पडून किती पडणार, शून्यापर्यंत. पण हिशोब होणार होता त्या रात्रीच्या अमेरिकन भावावर. आणि त्या रात्री अमेरिकेत तेल साठवायला जागा नव्हती म्हणून भाव शून्याच्याही खाली गेला, उणे ३७.६३ डॉलर. एमसीएक्सचा अंतिम हिशोब झाला उणे २,८८४ रुपयांना. शंभर बॅरलचा लॉट. पाच वाजता ९६,५०० रुपयांचा माल ज्याने घेतला, त्याचा तोटा ३ लाख ८४ हजार ९०० रुपये. मालाच्या पूर्ण किमतीच्या जवळजवळ चौपट. आणि बाहेर पडायला बाजारच चालू नव्हता. फ्युचरमध्ये तोट्याला तळ नसतो असं पुस्तकात लिहितात, त्या दिवशी तो खरंच नव्हता.

मग ऑप्शन घेणाऱ्याचं सगळं बरं चाललंय का? नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के लोक तोट्यात होते. खर्च धरून सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या आसपास. ठरलेला तोटा म्हणजे छोटा तोटा नव्हे. साडेसात हजार ठरलेले, पण ते दर आठवड्याला गेले तर वर्षाचे किती होतात ते तुमचं तुम्ही करा.

हा आकडा दाखवला की लगेच कोणीतरी म्हणतो, "बघा, खरेदीदार हरतात म्हणजे विकणारे जिंकतात." जिंकतात ना. त्याच अभ्यासात २०२३-२४ मध्ये खर्च धरण्याआधी प्रोप्रायटरी ट्रेडर्सनी ३३ हजार कोटी आणि परदेशी संस्थांनी २८ हजार कोटी कमावल्याचं दिलंय, आणि त्यातला बहुतेक सगळा नफा अल्गो लावून झालेला. त्यांच्याकडे भांडवल इतकं असतं की ४ जूनच्या दुपारी ते गुरुवारपर्यंत थांबू शकतात. विमा कंपनी हजार घरांचा विमा काढते म्हणून एक घर जळलं तर तिला चालतं. तुम्ही एका घराचा विमा काढताय, आणि हप्ता मिळाला म्हणून खूश आहात.

दुकानदाराच्या भाषेत सांगायचं तर ऑप्शन विकणं म्हणजे उधारीवर माल देणं. वीस गिऱ्हाइकांनी वेळेवर पैसे दिले की वाटतं उधारी हाच खरा धंदा. एकविसावा पळाला की वीस जणांचा नफा त्याच्या मागे जातो. फरक इतकाच की उधारीची मर्यादा तुमच्या हातात असते. दोन लाखांच्या वर माल द्यायचा नाही असं तुम्ही ठरवू शकता. नुसता ऑप्शन विकणाऱ्याच्या वहीत ती मर्यादा बाजार लिहितो.

ती मर्यादा स्वतः लिहायचा एक मार्ग आहे, आणि तो मी मित्राला समजावला. २२,५०० चा पुट ८० ला विकताना त्याच वेळी २२,२०० चा पुट विकत घ्यायचा, समजा ४० ला. हातात येणारे ४० च राहिले, म्हणजे पाच लॉटला दहाच्या ऐवजी पाच हजार. पण निफ्टी कितीही पडला तरी नुकसान दोन आकड्यांमधल्या ३०० अंकांपुरतंच. त्यातून ४० वजा, २६० गुणिले १२५, जास्तीत जास्त साडेबत्तीस हजार. ४ जूनच्या दुपारी १ लाख ४२ हजार आणि साडेबत्तीस हजार, एवढा फरक. याला स्प्रेड म्हणतात. निम्मी कमाई देऊन तुम्ही विक्रेत्याच्या खुर्चीवरून उठून ठरलेल्या तोट्याच्या बाजूला येऊन बसता. क्रम मात्र पाळायचा: आधी विकत घ्यायचा, मग विकायचा. बाहेर पडताना आधी विकलेला बंद करायचा, मग घेतलेला. उलटं केलंत तर मधली काही मिनिटं तुम्ही परत बिनगाळ्याचे एजंट. आणि पाच हजारांसाठी साडेबत्तीस हजार पणाला लागलेत, हे ही विसरू नका. दर सात आठवड्यांत एकदा जरी पूर्ण फटका बसला तरी हाताशी काही उरत नाही.

खरेदीदाराच्या ठरलेल्या तोट्यालाही एक भोक आहे, ते सांगून टाकतो. निफ्टीचा हिशोब पैशात होतो, पण एखाद्या कंपनीच्या शेअरचा ऑप्शन एक्स्पायरीला फायद्यात असताना तसाच ठेवला तर खरे शेअर द्यावे-घ्यावे लागतात. तुम्ही चार हजारांना कॉल घेतलेला असतो आणि एक्स्पायरीला अख्ख्या लॉटचे पाच-सात लाख भरायची वेळ येते. शेवटच्या दिवसांत ब्रोकर मार्जिनही वाढवत नेतो. म्हणून शेअरचा ऑप्शन घेतला असेल तर एक्स्पायरीची वाट न बघता आधीच विकून मोकळं व्हायचं.

आणखी एक. वरचा सगळा हिशोब २५ च्या लॉटचा आहे. नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने इंडेक्सच्या नवीन कराराची किंमत किमान पंधरा लाख केली, लॉट वाढले, आणि एक्स्पायरीच्या दिवशी विक्रेत्याकडून दोन टक्के जादा मार्जिन घ्यायला सुरुवात केली. लॉट मधेमधे बदलत असतो. ज्या दिवशी तुम्ही हे वाचाल त्या दिवशीचा लॉट बघा आणि १,२१८ ला त्याने गुणा. मित्राने फोनवरच ७५ ने गुणलं. एका लॉटचे ९१ हजार. त्याच्यावर तो बराच वेळ गप्प होता.

मग मी त्याला एकच विचारलं की हे चार लाख "मोकळे" कसे आहेत. तर म्हणाला, वह्यांचे आहेत. १५ जूनला शाळा सुरू होतात, त्याआधी अप्पा बळवंत चौकातून वह्या, कव्हरं, कंपास उचलायचे असतात. होलसेलवाल्याला जूनच्या पहिल्या आठवड्यात रोख द्यावे लागतात, तेव्हाच चांगला भाव मिळतो. नेमका ४ जूनचाच आठवडा! मी म्हटलं, दीड लाखाच्या वह्या कमी घेतल्या असत्यास तर काय झालं असतं? तो म्हणाला, समोरच्या दुकानात गेली असती पोरं, आणि एकदा गेली की वर्षभर तिकडेच.

परवा त्याचा मेसेज आला. होलसेलवाल्याशी बोलून त्याने निम्मे पैसे आत्ताच भरले, सीझनच्या आधी दिले म्हणून रेटमध्ये दोन टक्के सुटले. चार लाखांच्या निम्म्यावर दोन टक्के, म्हणजे चार हजार. शेवटी लिहिलं होतं, "सर, एका लॉटचा स्प्रेड करून बघू का, नुसता शिकायला?" मी उत्तर दिलं की १५ जूननंतर, वह्यांचे पैसे परत गल्ल्यात आल्यावर, कागदावर लिहून आण, मग बोलू.